बिल जास्त आलंय? मीटर तपासणीचा अर्ज करण्याआधी आणि केल्यानंतर

विजेचं बिल अचानक फुगलं की बहुतेकांचा पहिला संशय मीटरवर जातो. “मीटर पळतंय” हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मीटर खरंच पळत असेल तर ते तपासून घेण्याचा, शुल्क परत मिळवण्याचा आणि आधीच्या बिलांत दुरुस्ती करून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पण बिल वाढण्याची बरीच कारणं अशी असतात की मीटर अगदी अचूक असूनही बिल चुकीचं किंवा जास्त येतं. त्यात चाचणीचा अहवाल “मीटर योग्य” असा येतो आणि भरलेले पैसे जातात. म्हणून अर्जाआधी घरच्या घरी थोडी तपासणी करायची, मग अर्ज करायचा. हा लेख महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकाला समोर ठेवून लिहिला आहे. महावितरण असो, बेस्ट असो, अदानी किंवा टाटा पॉवर असो, नियम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचेच लागू होतात.

आधी बिल नीट वाचा

बिलावर मीटर क्रमांक, चालू रीडिंग आणि मागील रीडिंग असतं. पहिलं काम म्हणजे बिलावरचा मीटर क्रमांक आणि तुमच्या मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे का ते पाहणं. इमारतीच्या मीटर रूममध्ये वीस-पंचवीस मीटर एका फळीवर असतात आणि दोन फ्लॅटच्या मीटरची अदलाबदल होणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. खात्री करायची असेल तर घरातला मेन स्विच बंद करून कोणाला तरी खाली उभं करा. तुमचं समजलेलं मीटर तरीही जोरात लुकलुकत असेल, तर ते बहुधा दुसऱ्या कुणाचं आहे.

मग आजचं रीडिंग पाहा. बिलावरचं चालू रीडिंग आजच्या रीडिंगपेक्षा जास्त असेल, तर चूक रीडिंग घेणाऱ्याची आहे. त्यासाठी चाचणीची गरजच नाही. तारीख दिसेल असा फोटो काढून बिल दुरुस्तीची तक्रार करा, काम तिथंच संपतं.

रीडिंगच्या जागी सरासरी किंवा “लॉक”, “फॉल्टी”, “आरएनए” असा शेरा मागच्या काही बिलांवर दिसतोय का, तेही बघा. दोन-तीन महिने सरासरीवर बिल आलं आणि नंतर खरं रीडिंग घेतलं गेलं, की साठलेले सगळे युनिट एकाच बिलात येतात. मग वापर वरच्या टप्प्यात ढकलला जातो आणि दर वाढतो. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. अशा वेळी मागणी करायची ती साठलेले युनिट त्या-त्या महिन्यांत विभागून टप्प्याचा लाभ देण्याची. इथेही मीटरचा दोष नाही.

दिवे मोजून मीटर तपासणं

हे सगळं ठीक निघालं, तर आता मीटरकडे वळा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. 3200 याचा अर्थ दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट नोंदलं गेलं.

ज्याच्यावर वॅट छापलेले आहेत असं एकच उपकरण चालू ठेवा. गिझर सगळ्यात बरा, कारण टाकीत गार पाणी असेल तर बराच वेळ तो मध्येच बंद पडत नाही. इस्त्री नको, तिचा थर्मोस्टॅट सारखा चालू-बंद होतो. बाकी सगळं बंद, फ्रिजचा प्लगही काढलेला आणि इन्व्हर्टरही सुटा केलेला. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दिव्याचे 100 लुकलुक किती सेकंदांत होतात ते मोजा. 36,00,000 ला लुकलुकांच्या संख्येने गुणा आणि आलेल्या आकड्याला, मीटरवरचा अंक आणि सेकंद यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर वॅटमध्ये येतं, म्हणजे मीटरच्या मते त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते.

उदाहरण घेऊ. एका घरी 2000 वॅटचा गिझर, मीटर 3200 चं. मीटर बरोबर असेल तर 100 लुकलुक साधारण 56 सेकंदांत व्हायला हवेत. झाले 47 सेकंदांत. हिशेब केला तर 2394 वॅट निघतात, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास जास्त.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. गिझरवर छापलेले वॅट हे 230 व्होल्टला धरलेले असतात. दाब 240 झाला तर त्याच गिझरची वीज सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. शिवाय कारखान्यातून निघालेलं उपकरणही छापील आकड्याला तंतोतंत धरून नसतं. त्यामुळे या घरगुती मोजणीतून दोन-चार टक्क्यांचा दोष कळणार नाही, आणि तेवढ्यावरून भांडू नये. मात्र दाब मोजून 235 निघाला, म्हणजे गिझरने 2090 वॅटच्या आसपास घ्यायला हवेत, आणि तरीही मीटर 2394 दाखवतंय, तर तो फरक चौदा-पंधरा टक्क्यांचा उरतो. तो दाबाच्या चढउताराने समजावता येत नाही. असं घर अर्ज करायला योग्य.

याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. मीटर पंधरा टक्के पळालं, तर महिन्याला 180 युनिट वापरणाऱ्याचे 207 होतील. 400 होणार नाहीत. बिल दुप्पट झालं असेल आणि लुकलुक मात्र बरोबर येत असतील, तर मीटरची अचूकता हे कारण असण्याची शक्यता फार कमी. मग पुढचा भाग वाचा.

मीटर बरोबर, तरी युनिट जास्त

मेन स्विच चालू ठेवून घरातलं प्रत्येक उपकरण बंद करा. टीव्हीचा स्टँडबाय, राउटर, पाण्याचा फिल्टर, सगळं. आता दिवा शांत व्हायला हवा. तो चालूच असेल, तर कुठेतरी वीज जातेय. मीटरवर “अर्थ लोड” किंवा “ईएल” असा दुसरा दिवा पेटलेला असेल, तर कारण जवळजवळ हातात आलं.

आपल्याकडच्या सिंगल फेज मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांमधला प्रवाह मोजला जातो आणि त्यातला जो जास्त असेल त्यावर युनिट मोजले जातात. वीजचोरी रोखण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण वायरिंगमध्ये शेजाऱ्याची न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडली गेली असेल, तर त्याच्या फ्रिजचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो आणि तुमच्या युनिटांत मोजला जातो. जुन्या चाळीत एका खोलीच्या दोन खोल्या केल्या, फ्लॅटचं नूतनीकरण केलं, जिन्यातला दिवा कुणाच्या तरी घरातून घेतला, अशा वेळी हे घडतं. भिंतीत ओल धरलेली वायर किंवा गिझरचा खराब झालेला कॉइल यानेही प्रवाह जमिनीत जातो आणि तोच दिवा पेटतो.

ही गोष्ट परवानाधारक वायरमन क्लॅम्प मीटरने पाच मिनिटांत सांगतो. सगळं बंद असताना फेजमध्ये प्रवाह शून्य आणि न्यूट्रलमध्ये समजा 1.4 अँपिअर असेल, तर त्या क्षणी तीनशेहून अधिक वॅट फुकट नोंदले जात आहेत. दिवसभर सरासरी तेवढंच राहिलं, तर महिन्याला 230 युनिट. असं मीटर प्रयोगशाळेत नेलं तर ते शंभर टक्के पास होईल, कारण चाचणीच्या टेबलावर शेजाऱ्याची न्यूट्रल नसते. चाचणीचे पैसे वायरमनला द्या, ते सार्थकी लागतील.

अर्ज: काय लिहायचं, कुठे द्यायचं

दोष मीटरचाच आहे असं वाटतंय, तर लेखी अर्ज करा, आणि त्याच महिन्यात करा. बिलातली दुरुस्ती वाद उपस्थित झालेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. मीटर वर्षभर पळत होतं असं नंतर कितीही सांगितलं, तरी मागे जाण्याची मर्यादा तिथं येते. कार्यालयात जाऊन तोंडी सांगून आलो, साहेब “बघतो” म्हणाले, याला तारीख नसते.

अर्ज उपविभाग कार्यालयात द्या. महावितरणच्या ग्राहकांना wss.mahadiscom.in या पोर्टलवर, ॲपवर किंवा 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक घेता येतो. तरीही कागदावरच्या अर्जाची पोच घेऊन ठेवावी असं माझं मत आहे. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापर्यंत जायची वेळ आली तर पोचेवरचा शिक्का आणि तारीख सगळ्यात कामाला येते. मजकूर साधा पुरे:

“महोदय, माझा ग्राहक क्रमांक ___ व मीटर क्रमांक ___ आहे. ___ महिन्याचे बिल ___ युनिटांचे आले असून मागील वर्षी याच महिन्यात वापर ___ युनिट होता. घरातील उपकरणांत वाढ झालेली नाही. मीटरची नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याने मीटरची अचूकता तपासून मिळावी. चाचणीचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. चाचणीची तारीख व ठिकाण मला आगाऊ लेखी कळवावे, चाचणीवेळी मला उपस्थित राहू द्यावे व अहवालाची प्रत द्यावी. मीटर सदोष आढळल्यास शुल्क परत करून बिलाची दुरुस्ती करावी.”

सोबत मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची प्रत किंवा पोर्टलवरचा वापराचा तक्ता, आजच्या रीडिंगचा फोटो आणि सीलचा जवळून घेतलेला फोटो जोडा. सीलचा फोटो का, ते पुढे येईल.

शुल्क

चाचणीचं शुल्क कंपनी स्वतः ठरवत नाही, ते नियामक आयोगाने मंजूर केलेल्या शुल्कांच्या सूचीत असतं. सिंगल फेजला काही शे रुपयांच्या घरात, थ्री फेजला त्याहून जास्त. सूची कंपनीच्या संकेतस्थळावर दरांच्या विभागात असते, ती उघडून आपल्या मीटरच्या प्रकाराची ओळ पाहून घ्या. या शुल्कावर ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी लागत नाही. जुन्या सवयीने तो लावला गेला असेल तर विचारा. पैसे मागणीपत्रावर भरा आणि पावती घ्या. मीटर मर्यादेबाहेर सदोष निघालं, तर हे शुल्क परत मिळतं. मीटर योग्य निघालं, तर ते गेलं.

वाद चालू असताना बिलाचं काय?

इथे बरेच लोक घसरतात. “निकाल लागेपर्यंत बिल भरणार नाही” असं ठरवून गप्प बसलात, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 मध्ये यावर वाट दिली आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरी आकारानुसार येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती “हरकत राखून” भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे दर महिन्याला सरासरी 1,600 भरणाऱ्याला 4,100 चं बिल आलं, तर त्याने 1,600 भरावेत. फक्त तसं आधी पत्र द्या. ऑनलाइन परस्पर अर्धवट रक्कम भरली, तर संगणकाच्या लेखी ती फक्त थकबाकी असते.

चाचणीच्या दिवशी

केंद्र सरकारच्या विद्युत ग्राहक हक्क नियम 2020 नुसार वापराशी न जुळणाऱ्या रीडिंगची तक्रार आली, की 30 दिवसांत मीटरची चाचणी व्हायला हवी. 2024 च्या दुरुस्तीने आणखी एक सोय दिली आहे. अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत कंपनीने एक जादा मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्ही मीटरच्या नोंदी ताडून पाहायच्या. नव्याने स्मार्ट मीटर बसलं आणि बिल वाढलं, अशी तक्रार असेल तर मला ही सोय जास्त उपयोगी वाटते. प्रयोगशाळेत मीटर काही मिनिटं तपासलं जातं, शेजारी लावलेलं मीटर मात्र तुमच्या खऱ्या वापरावर तीन महिने साक्ष देतं. अर्जात या नियमाचा उल्लेख करून जादा मीटरची मागणी लिहायला हरकत नाही.

चाचणी दोन प्रकारे होते. पहिली जागेवर. कर्मचारी एक हातातलं संदर्भ मीटर घेऊन येतात, बोलीभाषेत त्याला “ॲक्युचेक” म्हणतात. त्याचा क्लॅम्प तारेवर लावला जातो, दिव्याच्या लुकलुकांशी मेळ घातला जातो आणि टक्केवारीत चूक दिसते. त्या वेळी घरात पुरेसा लोड चालू असायला हवा. एक पंखा लावून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. गिझर किंवा एसी चालू करा आणि लोड चालू असताना दिसलेला आकडा तपासणी अहवालावर लिहून घ्या.

जागेवर संशय उरला तर मीटर काढून प्रयोगशाळेत जातं आणि त्याच्या जागी दुसरं बसतं. मीटर काढताना तुम्ही हजर असा. काढलेल्या मीटरचा क्रमांक, शेवटचं रीडिंग, सील क्रमांक आणि सीलची स्थिती, तसंच नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग, एवढ्या गोष्टी मीटर बदली अहवालावर आल्या आहेत ना ते वाचल्याशिवाय सही करू नका. मीटर तुमच्यासमोर पिशवीत बंद करून सील होत असेल तर उत्तम. सील तुटलेलं किंवा छेडछाडीच्या खुणा आढळल्या, तर प्रकरण अचूकतेचं राहत नाही. ते विद्युत कायद्याच्या अनधिकृत वापराच्या कलम 126 किंवा वीजचोरीच्या कलम 135 खाली जाऊ शकतं, आणि 126 मध्ये दुप्पट दराने आकारणी होते. अर्जासोबत जोडलेला सीलचा फोटो तेव्हा तुमच्या बाजूने बोलतो. आणि हो, “उघडून बघतो, मला जमतं” म्हणणाऱ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला मीटरपासून लांब ठेवा.

प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लोडला चूक मोजली जाते. लोड शून्य असताना मीटर सरकतं का, अगदी कमी प्रवाहाला नोंद सुरू होते का, हेही पाहतात. घरगुती मीटर साधारणतः 1.0 वर्गाचं असतं, म्हणजे नेहमीच्या लोडला त्याची चूक अधिक-उणे एक टक्क्याच्या आत हवी. अगदी कमी लोडला ही मर्यादा थोडी सैल असते.

अहवाल आल्यावर

आपल्या उदाहरणातल्या घराने मे महिन्यात अर्ज केला, प्रयोगशाळेचा अहवाल अधिक 14.8 टक्के आला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे नोंदलेले युनिट 286, 301 आणि 278, एकूण 865. इथे एक चूक सर्रास होते. 865 चे 14.8 टक्के काढून 128 वजा करायचे नसतात. चूक ही खऱ्या वापरावर मोजलेली असते, म्हणून 865 ला 1.148 ने भागायचं. उत्तर येतं सुमारे 753, म्हणजे जास्तीचे युनिट 112. हे कमी होताना प्रत्येक महिन्याच्या वरच्या टप्प्यातून कमी व्हायला हवेत. मार्चचं बिल 301 वरून 262 वर येतं, म्हणजे 300 च्या वरच्या टप्प्यातून ते पूर्ण बाहेर पडतं. मे महिन्यापासून मीटर बदलेपर्यंतच्या युनिटांनाही हाच हिशेब लावण्याची मागणी करा. रक्कम पुढच्या बिलात जमा म्हणून दिसते, चाचणीचं शुल्कही तसंच.

मीटर मंद निघालं तर हाच हिशेब उलटा होतो आणि तीन महिन्यांपर्यंतची फरकाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. अर्ज करताना ही शक्यता ठाऊक असलेली बरी.

मीटर बदलल्यानंतरचं पहिलं बिल डोळ्यात तेल घालून पाहा. जुन्या मीटरचे शेवटचे युनिट “समायोजित युनिट” म्हणून जोडलेले असतात. ते बदली अहवालावरच्या रीडिंगशी जुळले पाहिजेत. चाचणीपेक्षा जास्त गोंधळ मला इथेच झालेला दिसतो.

अहवालच पटला नाही तर 2020 च्या नियमांनुसार त्रयस्थ चाचणी मागता येते. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळांच्या यादीतून प्रयोगशाळा तुम्ही निवडायची. खर्च आधी तुमचा, पण दोष तुमच्यामुळे नसून मीटर सदोष ठरलं तर तो बिलातून परत. हे जागेवरच्या चाचणीत आणि प्रयोगशाळेच्या अहवालात मोठा फरक असेल तेव्हा करण्यासारखं आहे, एखाद्या टक्क्यासाठी नाही.

अर्ज पडून राहिला, अहवाल मिळाला नाही किंवा दुरुस्ती नाकारली, तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तिथून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावं लागतं. वकील लागत नाही. पोच असलेला अर्ज, शुल्काची पावती, बदली अहवाल, दिव्याचा व्हिडिओ आणि बारा महिन्यांचा वापर एवढं तारखेनुसार लावून दिलं की पुरतं. मंचाचा आदेश मान्य नसेल, तर 60 दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.